बशीच्या पाठीवरचा देश

जुन्या बाजारात चिनी मातीची बशी विकायला बसलेला माणूस ती नेहमी सुलटी मांडतो आणि जाणकार गिऱ्हाईक ती आधी उलटी करतं. वरच्या बाजूला गुलाब असतात, सोनेरी काठ असतो, नाहीतर तळ्याकाठी एखादं बंगलीवजा घर असतं. पण चित्रावरून देश ओळखायला जावं तर फसगत ठरलेली. जपानी कारखान्यांनी युरोपी नक्षी काढली, जर्मन कारखान्यांनी फ्रेंच नक्षी काढली, आणि इंग्रजांनी तर चिनी बागा आणि पूल निळ्या रंगात छापून सगळ्या जगाला विकले. बशी कुठून आली हे सांगणारा मजकूर असतो तो तिच्या बुडावर, हाताला लागतो त्या गोल कडीच्या आत.

बुडावरच्या या शिक्क्यात साधारणपणे कारखान्याची खूण असते, कधी नक्षीचं नाव किंवा क्रमांक असतो आणि बहुधा सगळ्यात खाली बारीक अक्षरांत देशाचं नाव. खूण कारखानदारानं हौसेनं निवडलेली असते: मुकुट, सिंह, पानांची माळ, गलबत. देशाचं नाव मात्र बहुतेक वेळा जकातीच्या धाकानं आलेलं असतं. म्हणून शिक्क्यातला हा सगळ्यात रुक्ष भाग सगळ्यात बोलका ठरतो. मुकुट कोणत्या साली काढावा असा नियम कुणी केला नव्हता. देशाचं नाव कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या शब्दांत लिहावं असे नियम मात्र झाले, ते बदलले, आणि प्रत्येक बदल बशांच्या पाठीवर उतरला.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते जपानी भांड्यांवर. साठ-पासष्ट वर्षांत त्या एका देशाचं नाव बुडावर तीन तऱ्हांनी बदललं आणि तिन्ही बदलांमागे अमेरिकेची ऑफिसं होती. त्यामुळे जपानी कपबशी वाचायला शिकलं की बाकीच्या देशांची वाचायला फार वेळ लागत नाही.

सुरुवात होते १८९० साली, वॉशिंग्टनमध्ये. ओहायो राज्याचे प्रतिनिधी विल्यम मॅकिन्ली, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांच्या नावानं ओळखला जाणारा जकात कायदा त्या वर्षी मंजूर झाला. कायद्याचा मुख्य हेतू परदेशी मालावरची जकात वाढवून देशी कारखाने जगवण्याचा होता. ओहायोमधलं ईस्ट लिव्हरपूल हे तेव्हा अमेरिकेतल्या चिनी मातीच्या धंद्याचं मोठं ठाणं. गंमत अशी, की अमेरिकन गिऱ्हाइकाला इंग्लंडच्या मालाचं इतकं वेड होतं की अमेरिकेतलेच काही कारखाने आपल्या बशांवर ब्रिटिश राजचिन्हासारखे सिंह आणि एकशिंगी घोडा छापत. देशी माल विलायती म्हणून खपवायचा आणि विलायती मालावर मात्र देशाचं नाव सक्तीचं करायचं, असा तो काळ.

या लांबलचक कायद्यातलं एक कलम आपल्या कामाचं. १ मार्च १८९१ पासून, ज्या परदेशी वस्तूंवर एरवी शिक्का किंवा खूण असते अशा वस्तूंवर आणि त्यांच्या खोक्यांवर, मूळ देश कळेल असा मजकूर वाचता येईल अशा इंग्रजी शब्दांत असलाच पाहिजे. नसेल तर माल बंदरातून आत येणार नाही. ‘मेड इन’ हे शब्द कायद्यानं मागितले नव्हते. नुसतं देशाचं नाव पुरत होतं. म्हणून त्या सुरुवातीच्या काळातल्या बशांवर ‘इंग्लंड’, ‘जर्मनी’, ‘ऑस्ट्रिया’ असा एकच शब्द दिसतो. ‘मेड इन इंग्लंड’ असा पूर्ण मजकूर बहुतेक कारखान्यांकडे विसाव्या शतकात आला. वेजवुडच्या भांड्यांवर हा क्रम छान दिसतो: आधी नुसतं कारखान्याचं नाव, १८९१ नंतर त्याखाली ‘इंग्लंड’, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपासून हळूहळू ‘मेड इन इंग्लंड’.

कायदा अमेरिकेचा, मग आपल्याकडे आलेल्या बशीवर त्याची छाया का? कारण कारखाना अमेरिकेसाठी एक, मुंबईसाठी दुसरा आणि सिडनीसाठी तिसरा शिक्का ठेवण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. मोठ्या गिऱ्हाइकाला जो लागतो तोच सगळ्यांवर उमटतो. शिवाय इंग्लंडमध्ये १८८७ चा आणि हिंदुस्थानात १८८९ चा व्यापारचिन्हांविषयीचा कायदा होता, आणि एका देशाचा माल दुसऱ्याच्या नावावर खपवण्याला त्यातही मज्जाव होता.

आता जपानकडे वळू. १८७६ साली मोरीमुरा घराण्यातल्या भावांनी टोकियोत निर्यातीची पेढी काढली आणि धाकटा भाऊ न्यूयॉर्कला जाऊन दुकान थाटून बसला. पंखे, कंदील, जुन्या शोभेच्या वस्तू विकता विकता त्यांच्या लक्षात आलं की अमेरिकन बायकांना चिनी मातीची नाजूक भांडी हवी आहेत. त्या पहिल्या काळातल्या जपानी भांड्यांच्या बुडावर एक तर काहीच नसे, नाहीतर कुंचल्यानं लिहिलेली जपानी अक्षरं असत: कधी कारागिराचं नाव, कधी कुतानीसारख्या कुंभारवाड्याचं, कधी ‘महान जपान’ अशा अर्थाची अक्षरं. १८९१ पासून यानं भागेना. इंग्रजीत देशाचं नाव हवं म्हटल्यावर जपानी व्यापाऱ्यांनी आपण स्वतः देशाला जे म्हणतो तेच रोमन लिपीत लिहिलं: ‘निप्पॉन’. जकात खात्यानं ते चालवून घेतलं. तीस वर्षं चालवून घेतलं.

याच काळात धंदा वाढला. १९०४ साली मोरीमुरांच्याच पुढाकारानं नागोयाजवळच्या नोरिताके गावात ‘निप्पॉन तोकी काइशा’ नावाची कंपनी उभी राहिली. नावाचा अर्थ इतकाच की जपानी चिनी मातीची कंपनी. आज जगभर नोरिताके म्हणून ओळखला जाणारा कारखाना तो हाच. फुलदाण्या आणि कप त्यांना लवकर जमले, पण पाश्चात्त्य जेवणाची मोठी सपाट ताटली काही केल्या जमेना. पंचवीस सेंटिमीटर रुंदीची बशी भट्टीत मधोमध खचायची. पांढऱ्याशुभ्र मातीचा जेवणाचा पूर्ण संच त्यांना १९१४ साली साधला. त्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटलं, जर्मन माल अमेरिकेच्या बाजारातून गेला आणि ती जागा जपाननं घेतली. आज जुन्या बाजारात ‘निप्पॉन’ शिक्क्याचा माल जो भरपूर दिसतो, तो का, हे यावरून कळतं.

मग १९२१ साली अमेरिकेच्या अर्थखात्याला जाग आली. कायदा म्हणतो इंग्रजी शब्द. ‘निप्पॉन’ हा जपानी शब्द आहे, त्याला इंग्रजीत ‘जपान’ म्हणतात. तेव्हा यापुढे ‘जपान’च लिहा, असा हुकूम निघाला. लिपी रोमन असणं आणि शब्द इंग्रजी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळायला खात्याला तीस वर्षं लागली. पण संग्राहकांचं त्यानं भलं झालं. अमेरिकेला गेलेल्या भांड्यावर देशाचं नाव म्हणून ‘निप्पॉन’ असेल तर ते १८९१ ते १९२१ मधलं, आणि ‘जपान’ असेल तर बहुधा त्यानंतरचं, अशी सरळ रेघ मिळाली.

‘देशाचं नाव म्हणून’ हे शब्द मी मुद्दाम घातले, कारण नवशिका इथेच घसरतो. शिक्क्यावर ‘निप्पॉन तोकी काइशा’ असं लिहिलेलं असतं, तो ‘निप्पॉन’ वाचतो आणि बशी शंभर वर्षांच्या वरची ठरवून मोकळा होतो. पण तिथे तो शब्द कंपनीच्या नावाचा तुकडा आहे. कंपनीनं ते नाव १९२१ नंतरही अनेक दशकं वापरलं, आणि अशा शिक्क्यावर बहुतेकदा खाली ‘जपान’ वेगळं लिहिलेलं असतंच. तेव्हा ‘निप्पॉन’ दिसलं की आधी पाहायचं की तो शब्द एकटा उभा आहे की कुणाच्या नावात बसला आहे. एकटा असेल तरच तो काळ सांगतो.

दुसरा मोठा बदल युद्धानंतरचा. सप्टेंबर १९४५ मध्ये जपाननं शरणागतीवर सह्या केल्या आणि देश अमेरिकन सेनापतींच्या ताब्यात गेला. परदेशी व्यापार पुढची दोन वर्षं सरकारी हातात होता. खासगी व्यापाराला मर्यादित परवानगी मिळाली ती १५ ऑगस्ट १९४७ ला. आपल्या घरात ज्या दिवशी झेंडा चढत होता त्याच दिवशी जपानी कारखानदारांना परदेशी गिऱ्हाइकाशी पुन्हा बोलता येऊ लागलं, हा निव्वळ योगायोग, पण तारीख लक्षात ठेवायला आपल्याला सोपी. त्याच वर्षी सेनापतींच्या कचेरीनं हुकूम काढला होता की निर्यातीच्या मालावर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’, म्हणजे ताब्यातल्या जपानमध्ये बनवलेलं, असं लिहावं. २८ एप्रिल १९५२ ला शांततेचा तह लागू झाला, ताबा संपला आणि तो शब्दही गेला.

इतका अरुंद काळ सांगणारा शब्द शिक्क्यांच्या दुनियेत क्वचित सापडतो: जेमतेम पाच वर्षं. चिमुकल्या बाहुल्या, मिठाच्या-मिऱ्याच्या डब्या, पातळ चहाचे कप, असा स्वस्त माल या शिक्क्यानं ढिगानं अमेरिकेला गेला आणि आज त्याचे स्वतंत्र संग्राहक आहेत. पण उलट बाजूनं हा नियम वापरता येत नाही. १९४९ च्या अखेरीस कचेरीनं सक्ती सैल केली. ‘ऑक्युपाइड’ न लिहिता नुसतं ‘जपान’ किंवा ‘मेड इन जपान’ लिहिलं तरी चालू लागलं. साहजिकच पुष्कळ कारखान्यांनी तो नकोसा शब्द लगेच काढून टाकला. म्हणून ‘ऑक्युपाइड’ असेल तर १९४७ ते १९५२. नसेल तर भांडं त्या काळातलं नाही असं म्हणता येत नाही.

सगळ्याच शिक्क्यांना हाच नियम लावावा लागतो. शब्द असला तर तो ‘या तारखेच्या आधीचं नाही’ एवढं सांगतो. शब्द नसला तर तो जवळजवळ काहीच सांगत नाही. अमेरिकेत कागदी लेबलं चालत, ती पहिल्या धुण्यात निघून जात. सहा कपांच्या संचात कधी नुसत्या बशांवर शिक्का असे. देशातल्या देशात विकायच्या मालावर इंग्रजीची गरजच नव्हती. ‘काही लिहिलेलं नाही, म्हणजे १८९१ च्या आधीचं’ हे दुकानदाराचं लाडकं वाक्य आहे आणि ते ऐकल्यावर पाकीट परत खिशात ठेवावं.

आता एक शिक्का हातात घेऊन शेवटपर्यंत वाचू. केक ठेवायची छोटी बशी आहे. काठावर नारिंगी रंगाचा पट्टा, त्यावर मोत्यासारखी चमक. मधे काळ्या आणि निळ्या रंगांत ठसठशीत, भूमितीसारखी फुलं. उलटी केल्यावर लाल रंगात पानांची माळ, माळेच्या मधे रोमन ‘एम’ अक्षर, वर ‘नोरिताके’, खाली ‘हँडपेंटेड’ आणि त्याखाली ‘मेड इन जपान’.

आधी अक्षर. ‘एम’ म्हणजे मोरीमुरा. नोरिताकेनं १९५३ साली माळेतलं ‘एम’ काढून तिथे कंपनीच्या नावाचं ‘एन’ घातलं. तेव्हा बशी त्याआधीची. मग देशाचं नाव: ‘निप्पॉन’ नाही, ‘जपान’ आहे, म्हणजे अमेरिकेला जाणारी असेल तर १९२१ च्या सुमारानंतरची. आपल्या हातात १९२१ ते १९५३ असा बत्तीस वर्षांचा पट्टा आला. त्यातून युद्धाची वर्षं वजा करू. १९४१ च्या अखेरीस पर्ल हार्बर झाल्यावर अमेरिकेशी व्यापार संपलाच. युद्ध संपल्यावर लगेच कारखाना सुरू झाला, पण माती आणि कारागीर पूर्वीच्या तोडीचे राहिले नव्हते. कंपनीनं तेव्हा एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट केली: आपलं नाव खराब होऊ नये म्हणून १९४६ ते १९४८ च्या सुमाराला माल ‘रोझ चायना’ या वेगळ्याच शिक्क्यानं विकला. आपल्या बशीवर तर ‘नोरिताके’ आहे, म्हणजे ती वर्षंही गेली. त्यानंतर ‘ऑक्युपाइड’ची सक्ती होती ती १९४९ च्या अखेरीपर्यंत; आपल्या शिक्क्यावर तो शब्द नाही.

उरल्या दोन खिडक्या: १९२१ ते १९४१, आणि १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत. शिक्क्यातले शब्द आपल्याला इथपर्यंत आणतात आणि थांबतात. यापुढे बशी पुन्हा सुलटी करायची. नारिंगी-निळी मोतिया चमक आणि भूमितीची ठसठशीत फुलं ही १९२० आणि १९३० च्या दशकांतली अमेरिकन आवड. नोरिताकेनं त्या काळात न्यूयॉर्कमधल्या चित्रकारांकडून नमुने करून घेतले आणि नागोयाला रंगवले. तेव्हा बशी दोन महायुद्धांच्या मधली, हा निकाल. पण निकालाचे दोन भाग वेगळे ठेवलेले बरे: देश आणि दोन खिडक्या शब्दांनी दिल्या, त्यातली एक खिडकी नक्षीनं निवडली. पहिला भाग पक्का आहे, दुसरा दाट शक्यतेचा.

हे सगळं गृहीत धरतं की शिक्का खरा आहे. ‘निप्पॉन’ शब्दाला किंमत आल्यावर तो खोटाही छापला जाऊ लागला, आणि आशियातल्या कारखान्यांतून नवी भांडी जुन्या शिक्क्यांसह अमेरिकेत उतरली. जकातीसाठी त्यांच्यावर खऱ्या देशाचं कागदी लेबल असे. दुकानात पोचेपर्यंत ते नखानं निघे आणि मागे उरे ‘हँड पेंटेड निप्पॉन’. सुरुवातीच्या नकलांमध्ये चुकाही मजेशीर होत्या. माळेच्या मधे ‘एम’च्या जागी वाळूच्या घड्याळासारखी आकृती होती आणि माळही उलटी होती. ‘निप्पॉन’ काळातल्या दुसऱ्या एका शिक्क्यात मेपलचं पान आहे. खरं पान जेमतेम पाव इंच रुंद, नकलेतलं त्याच्या दुप्पट. पुढे नकला सुधारल्या. आता आकृतीवर भिस्त ठेवण्यापेक्षा भांड्यावर ठेवावी: नकली माल सहसा जड, जाड आणि आतून खरखरीत असतो, आणि सोन्याचा रंग पितळी दिसतो.

‘ऑक्युपाइड जपान’चा शिक्का आणखी सोप्या रीतीनं खोटा केला जातो. जुन्या, बिनशिक्क्याच्या किंवा नुसत्या ‘जपान’च्या भांड्यावर रबरी शिक्का मारून द्यायचा. तो ओळखता येतो, पण त्यासाठी शिक्का भांड्यावर उमटतो कसा हे माहीत हवं. एक रीत अशी: कच्च्या भाजलेल्या भांड्यावर रंगानं शिक्का मारायचा, मग वर काचेसारखी झिलई चढवून मोठ्या आचेवर पुन्हा भाजायचं. असा शिक्का झिलईच्या खाली कैद होतो. बोट फिरवलं तर काही लागत नाही. दुसरी रीत: झिलई झाल्यावर वरून रंग लावून कमी आचेवर, साधारण सातशे-आठशे अंशांवर, पक्का करायचा. हा बोटाला किंचित उंचवट्यासारखा लागतो. दोन्हींना आग लागलेली असते, म्हणून दोन्ही साध्या द्रावणानं निघत नाहीत. शाईचा शिक्का मात्र नेलपॉलिश काढायच्या द्रावणात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं पुसला जातो. ही परीक्षा फक्त शिक्क्यावर आणि फक्त बुडावर करावी. जुना सोनेरी मुलामा नाजूक असतो, तो घासू नये.

बाकीच्या देशांत नियम हेच, फक्त इतिहास निराळा. युद्धानंतर जर्मनीचे तुकडे झाले तेव्हा अमेरिकन विभागातल्या कारखान्यांनी ‘जर्मनी, यूएस झोन’ छापलं; १९४९ पासून १९९० पर्यंत ‘वेस्ट जर्मनी’ दिसतं. मध्य युरोपात तर शिक्क्यावरचा देश आणि नकाशावरचा देश जुळत नाही. कार्ल्सबाडच्या आसपासच्या कारखान्यांचा माल पहिल्या महायुद्धापर्यंत ‘ऑस्ट्रिया’ म्हणून बाहेर पडला. १९१८ नंतर त्याच कारखान्यांनी ‘चेकोस्लोव्हाकिया’ छापलं. आज ते गाव कार्लोव्ही व्हॅरी म्हणून चेक प्रजासत्ताकात आहे. तेव्हा ‘ऑस्ट्रिया’ वाचून व्हिएन्नाचा विचार करणारा चारेकशे किलोमीटर चुकतो. ब्रिटनमध्ये १९२६ च्या कायद्यामुळे आणखी एक विचित्र शब्द आला: नुसतं ‘फॉरेन’. देशाचं नाव टाळून ‘परदेशी’ एवढंच छापण्याची मुभा होती, आणि ज्या देशाच्या नावानं गिऱ्हाईक नाक मुरडेल त्या देशाच्या कारखान्यांना ती सोयीची पडली.

मुंबईशी जपानचा संबंध या शिक्क्यांच्या काळातलाच आहे. १८९३ साली निप्पॉन युसेन काइशा या जहाज कंपनीनं जमशेटजी टाटांच्या साहाय्यानं कोबे ते मुंबई अशी नियमित फेरी सुरू केली; ती जपानची पहिली लांब पल्ल्याची परदेशी फेरी. मुंबईहून कापूस जायचा, आणि पुढच्या काळात जपानी माल येत राहिला. त्यातली एक वस्तू आपल्याकडे अजून भिंतींवर आहे. १९२० आणि ३० च्या दशकांत जपानी कारखान्यांनी उठावाच्या नक्षीच्या रंगीत फरश्या हिंदुस्थानात पाठवल्या. त्यात फुलं आणि मोर होतेच, पण इथल्या बाजारासाठी खास लक्ष्मी, सरस्वती, कृष्णही होते, आणि ती चित्रं रविवर्म्याच्या छापील चित्रांवरून उचललेली होती. म्हणजे मुंबईच्या घाटकोपरात आणि पुढे मळवलीला छापली गेलेली चित्रं जपानला जाऊन, मातीवर उमटून, परत आली.

या फरश्यांच्या पाठीवर, चुन्यात रुतायला ठेवलेल्या चौकटींच्या मधे, शिक्का दाबून उठवलेला असतो: ‘मेड इन जपान’, आणि कारखान्याची अक्षरं. आवाजी बेटावरच्या दांतो काइशाची ‘डी.के.’ ही अक्षरं त्यातलीच. ओल्या मातीतच दाबलेला असल्यामुळे हा शिक्का नंतर मारता येत नाही आणि पुसताही येत नाही. अडचण एकच: फरशी भिंतीत असेपर्यंत तो दिसत नाही, आणि समोरून तिला हटकून इटालियन किंवा इंग्रजी म्हटलं जातं.

तुमचा जुना वाडा किंवा चाळ पाडायला निघाली असेल तर कंत्राटदाराला एवढं सांगा: देव्हाऱ्यामागच्या, जिन्याच्या आणि ओट्यावरच्या फरश्या सुट्या करताना एक तरी अख्खी काढ, आणि पाठीवरचा चुना पटाशीनं खरवडू नकोस. तो ओला करून, मऊ झाल्यावर लाकडी काडीनं काढावा. मग पाठीचा फोटो घ्यावा, उजेड बाजूनं तिरका पाडून, म्हणजे दाबलेली अक्षरं सावलीत उठून दिसतात. कपबश्यांचंही तसंच: विकण्याआधी संचातला प्रत्येक नग उलटा करून पाहा. एकाच संचातल्या दोन बशांवर दोन वेगळे शिक्के निघाले तर संच नंतर जुळवलेला आहे, किंवा फुटलेली बशी कुणीतरी पुढच्या काळात भरून काढली आहे.